शेपटाकडून वाचायचं नाव

अकरावीची घटक चाचणी होती आणि प्रश्न दोन गुणांचा होता. पुढील संयुगाचं आयुपॅक नाव लिहा:

CH₂=CH-CH₂-CH(OH)-CH₃

वर्गातल्या बहुतेकांनी ‘पेंट-1-ईन-4-ऑल’ लिहिलं होतं, म्हणजे मी शिकवलं होतं तसंच. एका मुलीने ‘पेंट-4-ईन-2-ऑल’ लिहिलं. मी लाल पेनाने फुली मारली, बाजूला ‘दिशा चुकली’ असा शेरा लिहिला आणि पुढचा पेपर ओढला.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दाराशी उभी. गुणांसाठी भांडायला आली असेल असं मला वाटलं, पण तिने वेगळंच विचारलं. “मॅडम, हे अल्कोहोल आहे की अल्कीन?”

“दोन्ही आहे,” मी म्हटलं.

“मग नावाच्या शेवटी ऑल का येतं? शेवटी ज्याचा मान, आकडाही आधी त्यालाच मिळायला नको का?”

मी तिला ‘नियमात तसं आहे’ असं सांगून परत पाठवलं. संध्याकाळी घरी मोठं पुस्तक उघडलं, तर नियमात तसं नव्हतं. तिचं बरोबर होतं आणि वर्गातल्या ज्या ज्या मुलांना मी पूर्ण गुण दिले होते त्या सगळ्यांचं चूक होतं. त्यांचं चूक म्हणजे माझंच.

मी सोळा वर्षं सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवत होते आणि नामकरण हा पाठांतराचा विषय आहे, असं माझं ठाम मत होतं. एक तक्ता, एक ते दहा कार्बनांची मुळं, चार प्रत्यय आणि फळ्याच्या कोपऱ्यात मी स्वतः रचलेली एक ओळ: ‘लांब साखळी, लहान आकडा, आधी बंध, मग गट.’ मुलं ती ओळ पाढ्यासारखी म्हणायची. निकाल चांगला लागायचा. तिसरा तुकडा, ‘आधी बंध’, हा सपशेल चुकीचा आहे हे इतकी वर्षं माझ्या लक्षात कसं आलं नाही, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. कारण साधं निघालं. दहावीला जी संयुगं येतात त्यांच्यात एकतर दुहेरी बंध असतो, नाहीतर क्रियात्मक गट असतो. दोघं एकाच साखळीत समोरासमोर येतच नाहीत. ब्युट-1-ईनला भांडायला कोणी नाही, प्रोपेन-2-ऑललाही नाही. ज्याची कधी परीक्षाच झाली नाही असा नियम चूक असला तरी वर्षानुवर्षं निवांत जगतो. अकरावीत ते दोघे भेटतात, पण तोवर माझी ओळ सगळ्यांच्या वह्यांत पक्की बसलेली असायची.

आता त्या संयुगाकडे नीट पाहू. डावीकडून मोजलं तर दुहेरी बंध 1 वर आणि ओएच 4 वर. उजवीकडून मोजलं तर ओएच 2 वर आणि दुहेरी बंध 4 वर. एक चार की दोन चार? नुसत्या आकड्यांकडे पाहिलं तर एक चार लहान दिसतात आणि ‘लहान आकडा’ हा नियम खोटाही नाही. तो फक्त रांगेत मागे उभा आहे. पहिला मान मुख्य क्रियात्मक गटाचा, म्हणजे ज्याच्यावरून नावाची शेपूट ठरते त्याचा. त्याला दोन्ही बाजूंनी वेगवेगळा आकडा मिळत असेल तर लहान आकडा त्याचा, आणि दिशेचा प्रश्न तिथेच मिटला. बंधांना काय मिळेल ते मग मिळेल. म्हणून ओएचला 2, बंधाला 4: पेंट-4-ईन-2-ऑल.

त्या मुलीने पाठ केलेला नियम वापरला नव्हता. तिने नाव शेवटाकडून वाचलं होतं. आपल्या शाळांच्या हजेरीपटात आडनाव आधी लिहितात, कारण शोधायला ते सोपं जातं. रसायनाचं आडनाव मात्र नेहमी शेवटी असतं: ऑल, आल, ओन, ओइक आम्ल. ते आधी पाहिलं की हे संयुग कोणत्या घरातलं, ते कळतं. मी मुलांना डावीकडून उजवीकडे, मिथ-इथ-प्रोपपासून सुरुवात करायला लावत होते. म्हणजे घर माहीत नसताना माणसाचं वय विचारण्यासारखंच ते.

पुढच्या जूनपासून मी पायऱ्या उलट्या केल्या. आता माझ्या वर्गात पहिला प्रश्न ‘किती कार्बन?’ हा नसतो, ‘हे कोण?’ हा असतो. संयुगात आम्लाचा गट असेल तर तोच मुख्य. तो नसेल तर अल्डिहाइड, मग कीटोन, मग अल्कोहोल, मग अमीन. एकाच साखळीत दोन गट असले तर वरचा शेपूट होतो आणि खालचा उपसर्ग होऊन नावाच्या पुढे जातो: ओएचचा हायड्रॉक्सी, कीटोनचा ऑक्सो. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांना या रांगेत जागाच नाही. ते कायम पाहुणे, कायम उपसर्ग.

शेपूट ठरली की साखळी मोजायची, आणि ती मोजताना CHO किंवा COOH मधला कार्बन विसरायचा नाही. मग दिशा: आधी मुख्य गटाला लहान आकडा, तिथे बरोबरी झाली तर बंधांना, तिथेही झाली तर उपसर्गांना. मग साखळीत सगळे एकेरी बंध असतील तर ‘एन’, दुहेरी असेल तर ‘ईन’, तिहेरी असेल तर ‘आइन’. शेवटी सगळं जोडून लिहायचं. बंधाचा आकडा म्हणजे त्याच्या दोन कार्बनांपैकी लहान क्रमांकाचा.

पाच संयुगं मी फळ्यावर अशी मांडते:

| रचना | शेपूट | कार्बन | दिशा | नाव |
|---|---|---|---|---|
| CH₃-CH₂-CH₂-CHO | आल | 4 | CHO चा कार्बन 1 | ब्युटेनाल |
| CH₃-CH₂-CO-CH₂-CH₂-CH₃ | ओन | 6 | डावीकडून 3, उजवीकडून 4. म्हणून डावीकडून | हेक्झेन-3-ओन |
| CH₃-CHCl-CH₂-CH₂-OH | ऑल | 4 | उजवीकडून, ओएच 1 वर | 3-क्लोरोब्युटेन-1-ऑल |
| CH₃-CH=CH-CH₂-COOH | ओइक आम्ल | 5 | उजवीकडून, COOH 1 | पेंट-3-ईनॉइक आम्ल |
| CH₃-CH(OH)-CH₂-CHO | आल | 4 | उजवीकडून. ओएच उपसर्ग | 3-हायड्रॉक्सीब्युटेनाल |

तिसऱ्या ओळीवर थांबायला हवं. क्लोरीन डावीकडून 2 वर येतो आणि मुलांचा हात आपोआप तिकडे जातो, कारण सूत्रात तोच आधी दिसतो. पण तो पाहुणा आहे. ओएचला 1 मिळतोय तर क्लोरीनला 3 घ्यावा लागणारच. पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या ओळीत मुख्य गटाच्या आकड्याची भानगडच नाही: आल आणि ओइक आम्ल हे गट साखळीच्या टोकालाच बसू शकतात, त्यांच्या कार्बनाला नेहमी 1 मिळतो आणि तो 1 नावात लिहीत नाहीत.

‘ईन’ आणि ‘आइन’ एकत्र आले आणि मुख्य गट कोणताच नसला, तर माझी जुनी ओळ पुन्हा नव्या वेषात येते. मुलांना वाटतं दुहेरी बंधाचा मान मोठा. तसं नाही. आधी दोघांचे मिळून लहान आकडे पाहायचे. CH₃-CH=CH-C≡CH मध्ये डावीकडून 2 आणि 4, उजवीकडून 1 आणि 3. म्हणून उजवीकडून मोजायचं आणि नाव पेंट-3-ईन-1-आइन. फक्त दोन्हीकडून आकडे सारखेच आले, जसे CH₂=CH-CH₂-C≡CH मध्ये दोन्हीकडून 1 आणि 4, तरच दुहेरी बंधाला लहान आकडा: पेंट-1-ईन-4-आइन.

इथपर्यंत मी पायऱ्या बदलल्या होत्या, पण सरावाची पद्धत जुनीच होती: रचना द्यायची, नाव मागायचं. उलटा सराव, म्हणजे नाव देऊन रचना काढायला लावणं, मला वेळेचा अपव्यय वाटायचा. परीक्षेत तो प्रश्न क्वचितच येतो, असं मी म्हणायचे. हे दुसरं मतही मला सोडावं लागलं, पण ते जरा अडखळत.

एका तासाला मुलांच्या जोड्या लावल्या. एकाने माझ्या कागदावरची रचना पाहून नाव ठरवायचं आणि फक्त ते नाव शेजाऱ्याला सांगायचं. शेजाऱ्याने रचना न पाहता ती काढायची. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. दहा मिनिटांत वर्गात जो गलका झाला तो माझ्या सोळा वर्षांच्या लाल शेऱ्यांनी कधी झाला नव्हता. कोणी CH₃-CH₂-CH₂-CHO ला ‘प्रोपेनाल’ म्हटलं होतं, शेजाऱ्याने तीनच कार्बन काढले. कोणी नुसतं ‘पेंटेनॉल’ सांगितलं, शेजारी विचारतोय, “ओएच कुठे लावू?” पेंटेनॉल तीन असतात, टोकाला, टोकापासून दुसऱ्यावर आणि मधोमध. आकडा कधी लिहायचा याचा नियम मी आधी घोकून घेत असे. आता शेजाऱ्याच्या प्रश्नातून तो आपोआप कळत होता: दुसरीकडे बसू शकत असेल तर आकडा लिहा. प्रोपीनमधला दुहेरी बंध कुठेही काढा, प्रोपीनच राहतं, म्हणून तिथे आकडा लागत नाही.

मी खूश झाले आणि जाहीर करून टाकलं की नाव बरोबर आहे की नाही याची एकच कसोटी: परत काढून पाहा.

पुढच्याच आठवड्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने ती कसोटी मोडली. त्याच्याकडे CH₃-CO-CH₂-CH₂-CH₃ होतं. त्याने उजवीकडून मोजून ‘पेंटेन-4-ओन’ सांगितलं. शेजाऱ्याने पाच कार्बन मांडले, चौथ्यावर ऑक्सिजन लावला, आणि दोन्ही कागद जुळले. कागद उलटा धरला की तेच संयुग. “मॅडम, परत काढून पाहिलं, तेच आलं. मग माझं चूक कसं?”

त्याचं बरोबर होतं. त्याचं नाव वाचून कोणीही भलतंच संयुग काढणार नाही. मग त्यात चूक काय? मला उत्तर देता येईना. मी उद्या सांगते म्हटलं आणि ते सांगण्यासाठी मला इतिहासात जावं लागलं, जे मी रसायनशास्त्राच्या तासाला कधी केलं नव्हतं.

1892 साली जिनिव्हात युरोपातले चौतीस रसायनशास्त्रज्ञ एकत्र आले आणि सेंद्रिय नामकरणाचे पहिले आंतरराष्ट्रीय नियम त्यांनी ठरवले. तोवर एकेका संयुगाला चार-चार नावं होती आणि कोशात किंवा सूचीत एखादं संयुग शोधायचं तर चारही ठिकाणी पाहावं लागे. त्यांना हवं होतं ते असं नाव, जे वापरलं की सूचीत एकाच ठिकाणी बोट ठेवता येईल. हेच काम पुढे 1919 मध्ये स्थापन झालेल्या आयुपॅककडे गेलं. म्हणजे नावाकडे दोन कामं असतात. नावावरून एकच रचना निघाली पाहिजे, आणि रचनेवरून एकच नाव निघालं पाहिजे. परत काढून पाहण्याने पहिलं काम तपासलं जातं. दुसऱ्यासाठी दिशेचा नियम आहे. ‘पेंटेन-4-ओन’ हे पहिल्यात पास, दुसऱ्यात नापास: सूचीत ते संयुग ‘पेंटेन-2-ओन’ या नावाखाली पडलेलं असणार आणि हा मुलगा दुसऱ्या पानावर शोधत बसणार.

मी हे सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे हे घराच्या पत्त्यासारखं नाही, हजेरीपटासारखं आहे.” हजेरीपटाचा दाखला मीच दिला होता, पण तो इथे कसा बसतो हे त्याने दाखवलं.

तेव्हापासून दोन तपासण्या. एक, परत काढा. दोन, दुसऱ्या टोकाकडून एकदा मोजा, आकडा कमी येतोय का पाहा. पहिली तपासणी कार्बनांची संख्या, गट आणि विसरलेला आकडा पकडते. दिशेची चूक तिला दिसत नाही, ती दुसरीच पकडते.

त्या इतिहासाच्या वाचनात आणखी एक गोष्ट सापडली. एन, ईन, आइन ही अंत्यपदं मी वर्षानुवर्षं ‘असंच आहे’ म्हणून पाठ करायला लावत होते. 1866 मध्ये होफमान या जर्मन शास्त्रज्ञाने हायड्रोकार्बनांसाठी युरोपीय लिपीतले पाच स्वर ओळीने वापरायचं सुचवलं होतं. सर्वांत जास्त हायड्रोजन असलेल्यांना पहिला स्वर, दोन हायड्रोजन कमी झाले की दुसरा, आणखी दोन कमी झाले की तिसरा. इथेन C₂H₆, ईथीन C₂H₄, इथाइन C₂H₂ ही त्या क्रमाची आजची खूण आहे. पुढचे दोन स्वर मागे पडले, तिसऱ्याचं लेखन बदललं, पण क्रम टिकला. हे कळल्यापासून माझ्या वर्गात ‘ईन’ आणि ‘आइन’ची उलटापालट बरीच कमी झाली.

देवनागरीत शिकलेल्या मुलांची एक अडचण मात्र या स्वरांतूनच येते आणि इंग्रजी पुस्तकांत ती कुठेच लिहिलेली नसते. इंग्रजीत अल्केनच्या नावाच्या शेवटी एक मुका ‘ई’ असतो. पुढे स्वराने सुरू होणारी शेपूट आली की तो गळतो, व्यंजनाने सुरू होणारी आली की राहतो. आपण मराठीत ‘पेंटेन-2-ऑल’ लिहितो आणि ‘पेंटेन-2,3-डायॉल’ही लिहितो. दोन्हीकडे ‘पेंटेन’ सारखाच. पण इंग्रजीत पहिल्यात तो ‘ई’ नाही, दुसऱ्यात आहे, कारण ‘डायॉल’ हा ‘ड’ने सुरू होतो. मराठी माध्यमातून आलेलं मूल अकरावीला इंग्रजीत लिहू लागलं की एकतर तो ‘ई’ सगळीकडे ठेवतं किंवा सगळीकडे खोडतं. त्याने तो कधी पाहिलेलाच नसतो. मी या चुकीला आळस म्हणायचे. आता पहिल्याच तासाला त्या मुक्या अक्षराची ओळख करून देते. मधला आकडा विचारात घ्यायचा नाही, त्यानंतरचं अक्षर स्वर आहे की व्यंजन एवढंच पाहायचं.

आणि एक चंद्र. इथेनॉल, इथेनाल. घाईच्या अक्षरात ती अर्धचंद्राची रेघ कधी उमटते, कधी नाही. पहिलं 78 अंश सेल्सिअसला उकळतं, दुसरं 20 अंशाच्या आसपास, म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी बाटली उघडी ठेवली तर ते उडूनच जाईल. मी आता फळ्यावर आलच्या नावांखाली रेघ मारते.

सरावासाठी मी दोन तक्ते देते. पहिल्यात नावं आहेत, रचना काढायच्या. उजवा रकाना हाताने झाकून करावा.

| नाव | रचना |
|---|---|
| हेप्ट-2-आइन | CH₃-C≡C-CH₂-CH₂-CH₂-CH₃ |
| ब्युटेन-1,3-डायॉल | CH₃-CH(OH)-CH₂-CH₂-OH |
| 3-ब्रोमोप्रोप-1-ईन | CH₂=CH-CH₂-Br |
| हेक्झ-5-ईन-2-ओन | CH₂=CH-CH₂-CH₂-CO-CH₃ |
| पेंट-1-ईन-3-ओन | CH₂=CH-CO-CH₂-CH₃ |
| 4-ऑक्सोपेंटेनॉइक आम्ल | CH₃-CO-CH₂-CH₂-COOH |

पाचवं संयुग बरोबरीचं आहे. कीटोन दोन्ही टोकांकडून 3 वरच येतो, म्हणून निर्णय बंधाकडे जातो. सहाव्यात आम्ल आणि कीटोन एकत्र आले, आम्ल शेपूट झालं आणि कीटोन ‘ऑक्सो’ होऊन पुढे गेला. तिथेच पुष्कळ मुलं शेवटी ‘ओन’ आणि ‘आम्ल’ दोन्ही लिहितात. एका नावाला शेपूट एकच.

दुसरा तक्ता माझा आवडता आहे. यात रचना दिलेलीच नाही. नुसतं नाव वाचून ते चूक का आहे, ते सांगायचं. चुकांची यादी मुलांना वाचायला दिली तर ती वाचून विसरतात, हे मी अनुभवाने शिकले. चूक नावातच दिसते हे त्यांना कळलं की मग ती त्यांच्याच नजरेला खुपायला लागते. हे तपासलेल्या पेपरांतून मी टिपून ठेवलेले खरे नमुने आहेत, वारंवार येणारे.

| लिहिलेलं नाव | काय खटकलं | बरोबर नाव |
|---|---|---|
| मिथीन | एका कार्बनात कार्बन-कार्बन बंध कुठून येणार | असं अल्कीन नाही |
| प्रोप-2-ईन | दुसऱ्या टोकाकडून 1 येतो | प्रोपीन |
| हेक्झ-4-ईन | 4 आणि 5 मधला बंध पलीकडून 2 आणि 3 मध्ये | हेक्झ-2-ईन |
| ब्युटेन-3-ऑल | चार कार्बनांत 3 म्हणजे पलीकडून 2 | ब्युटेन-2-ऑल |
| पेंटेन-1-ओन | टोकाच्या कार्बनावर ऑक्सिजनचा दुहेरी बंध म्हणजे अल्डिहाइड | पेंटेनाल |
| 1-मिथाइलब्युटेन | टोकाला लावलेला कार्बन हा साखळीचाच पुढचा कार्बन | पेंटेन |
| ब्युट-1-ईन-4-ऑल | शेपटाच्या गटाआधी बंधाला मान दिला | ब्युट-3-ईन-1-ऑल |

शेवटून दुसरी ओळ वरवर फाटे फुटलेल्या साखळीची वाटते, पण तिचं मूळ ‘सरळ’ या शब्दात आहे. सरळ शृंखला म्हणजे फाटा नसलेली, पट्टीने आखलेली नव्हे. खऱ्या रेणूत कार्बनाच्या बंधांमधला कोन सुमारे 109.5 अंशांचा असतो, म्हणजे साखळी मुळातच नागमोडी. प्रश्नपत्रिकेत जागा पुरावी म्हणून शेवटचा CH₃ खालच्या ओळीत छापला जातो आणि मुलाला तो फाटा वाटतो. पेन्सिल न उचलता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सगळ्या कार्बनांवरून जाता आलं तर साखळी सरळ, मग ती कितीही वळो. 1-मिथाइल किंवा शेवटच्या आकड्याचं मिथाइल अशा साखळीत दिसलं की नाव चुकलंच, रचना पाहायचीही गरज नाही. आणि तक्त्यातली शेवटची ओळ म्हणजे माझीच ओळ. ती मी मुद्दाम ठेवली आहे.

आणखी एक कबुली उरली. ‘ॲसिटिक आम्ल’ लिहिणाऱ्यांचे मी अर्धे गुण कापत असे, कारण आयुपॅक नाव इथेनॉइक आम्ल. आयुपॅकच्या 2013 च्या शिफारशी चाळल्या तेव्हा कळलं की त्या संयुगासाठी आयुपॅकने स्वतः पसंतीचं नाव म्हणून ठेवलं आहे ते ॲसिटिक आम्लच. इथेनॉइकही चालतं. मी मुलांना आता सांगते की नियमाने नाव बनवा असं प्रश्नात असेल तर इथेनॉइक लिहा, कारण तिथे तुमची बनवण्याची रीत तपासली जाते. पण ॲसिटिक लिहिणारा अडाणी नाही.

या साऱ्या पद्धतीला एक मर्यादाही आहे, ती सांगायला मी पूर्वी टाळायचे. आकडे सगळे बरोबर असूनही नाव अपुरं राहू शकतं. अठरा कार्बनांची सरळ साखळी, टोकाला आम्ल, 9 वर दुहेरी बंध: ऑक्टाडेक-9-ईनॉइक आम्ल. हे नाव दिलं की दोन वेगळे पदार्थ समोर येतात. साखळीचे दोन्ही भाग बंधाच्या एकाच बाजूला असले तर ते ओलेइक आम्ल, ऑलिव्ह तेलातलं, 13-14 अंशांच्या आसपास वितळणारं. विरुद्ध बाजूंना असले तर इलायडिक आम्ल, साधारण 45 अंशांना वितळणारं, जे तेलात अर्धवट हायड्रोजन घालून वनस्पती तूप बनवताना तयार होतं. त्या दुहेरी बंधाभोवती साखळी फिरत नाही, म्हणून दोघं एकमेकांत आपोआप बदलत नाहीत. दोघांना वेगळं करायला नावापुढे सिस-ट्रान्ससारखी आणखी एक खूण लागते. माझी परत काढून पाहण्याची कसोटी इथेही गप्प बसते, कारण कागदावर सगळेच बंध सरळ रेघेने काढतात.

त्या मुलीचे दोन गुण मी दुसऱ्याच दिवशी वाढवले. ज्यांना चुकीच्या उत्तराचे गुण मिळाले होते त्यांचे कापले नाहीत, फळ्यावर फक्त ‘आधी बंध, मग गट’ पुसून टाकलं आणि का पुसलं ते सांगितलं. पण ओळ गेली नाही. कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या एका जुन्या बॅचची वही अजून विकायला असते, सुवाच्य अक्षरातली, म्हणून मुलांना आवडते. तिच्या पहिल्या पानावर ती ओळ चौकटीत आहे. दुकानदाराला मी विनंती केली, तेव्हा त्याने मूळ प्रत माझ्यासमोर काढली आणि पेन माझ्या हातात दिला. मी ‘बंध’ आणि ‘गट’ या दोन शब्दांची अदलाबदल केली. तरी दर जूनमध्ये पहिल्या तासाला मी विचारते, ही वही कोणाकडे आहे, आणि दरवर्षी दोन-तीन हात वर होतात, ज्यांना मोठ्या भावाकडून किंवा बहिणीकडून जुनी प्रत मिळालेली असते.